बर्लिनचे काम, कुडाळचे घर आणि बढतीचा हिशेब

"मी ३० वर्षांची आहे. पुण्यातल्या एका आयटी सेवा कंपनीत सहा वर्षे ऑटोमेशन टेस्टर म्हणून काम करते. पॅकेज १५ लाखांचे आहे आणि आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावे लागते. बर्लिनमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने मला पूर्णपणे घरून करायचे काम देऊ केले आहे. महिना सुमारे दोन लाख रुपये मिळतील. मात्र नोकरी म्हणून नव्हे, कंत्राटावर. हे काम घेतले तर कुडाळला आईवडिलांजवळ राहता येईल. भाऊ परदेशात असतो आणि बाबांचे वय झाले आहे. माझे मॅनेजर म्हणतात की टीम लीड व्हायच्या वेळी तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहेस. आई म्हणते, ये घरी. मी काय करावे?"
— एक कुडाळकर, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मॅनेजरांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्यातला खरा अर्धा भाग कोणता हे ओळखता आले की तुमचा निर्णय बराचसा सुटतो. घरून काम केल्याने बढती मागे पडते का, या प्रश्नावर केवळ मतेच नाहीत, काही चांगले पुरावेही आहेत. शांघायमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१० ते २०११ या काळात नऊ महिने एक प्रयोग झाला. त्यात कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना चार दिवस घरून काम दिले होते आणि ते कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण तेवढ्याच कामगिरीला ऑफिसमधल्या माणसाला जितकी बढती मिळत होती, तितकी घरच्याला मिळत नव्हती. याच कंपनीत पुढे १,६०० हून अधिक पदवीधर कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात आठवड्यातले दोनच दिवस घरून काम होते. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: बढतीत फरक दिसला नाही आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाने घटले. म्हणजे तुमची आजची 'तीन दिवस ऑफिस' ही व्यवस्था बढतीच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक आहे, आणि ऑफिसला अजिबात न जाण्याला किंमत मोजावी लागू शकते. इथपर्यंत मॅनेजर बरोबर आहेत.

पण एक गोष्ट त्यांच्या बोलण्यातून सुटते. पहिल्या प्रयोगातली कंपनी ऑफिसचीच होती. साहेब तिथेच बसत, कोणाला वर घ्यायचे याची चर्चा तिथेच होई आणि घरी बसलेला माणूस त्या चर्चेच्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर नसे. पगार पाठवणाऱ्या कंपनीतली बाकीची माणसे कुठे बसतात, यावर खरी मेख आहे. सगळेच आपापल्या घरून काम करत असतील तर कोणीच डोळ्यांआड होत नाही आणि निर्णय आपोआप लेखी स्वरूपात उतरतात. गिटलॅबसारख्या कंपनीत, जिथे कामकाजाची नियमपुस्तिका सर्वांना वाचण्यासाठी खुली ठेवलेली आहे, कुडाळमधली व्यक्ती आणि कॅलिफोर्नियातली व्यक्ती एकाच मजकुरावर काम करतात. याउलट चाळीस जणांपैकी तीस जण बर्लिनच्या एकाच ऑफिसात एकत्र जेवत असतील, तर तुम्ही कितीही चांगले काम केले तरी तुमच्याकडे अहवाल येतील आणि निर्णय जेवणाच्या टेबलावर होतील. दोन्ही कंपन्या जाहिरातीत मात्र 'पूर्णपणे रिमोट' असेच लिहितात. अमेरिकेत डेल कंपनीने २०२४ मध्ये पूर्ण वेळ घरून काम निवडणाऱ्यांना बढतीसाठी पात्र धरले जाणार नाही असे कळवले; निदान तिथे गोष्ट उघड तरी होती.

तेव्हा करार हातात घेण्याआधी बर्लिनच्या लोकांना चार गोष्टी विचारा, आणि उत्तर 'आमची संस्कृती फार मोकळी आहे' अशा धाटणीचे आले तर ते उत्तर नाही असे समजा. एकूण माणसे किती आणि त्यांतली बर्लिनबाहेरची किती? बर्लिनबाहेर राहणाऱ्या ज्या व्यक्तीला शेवटची बढती किंवा वाढीव जबाबदारी मिळाली, ती कोणती आणि केव्हा? सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे मागचे प्रकाशन थांबवायचे की सोडायचे हा निर्णय शेवटी कोणी घेतला आणि तो कुठे लिहिलेला आहे? याच तिसऱ्या प्रश्नाला जोडून: त्या निर्णयाची नोंद, हवी तर नावे झाकून, दाखवता येईल का? चौथी गोष्ट विचारायची नसून मागायची आहे: एखाद्या आठवडी बैठकीत अर्धा तास नुसते ऐकायला बसू द्या. बैठकीतले चार जण एका खोलीत एकाच कॅमेऱ्यासमोर आणि बाकीचे वेगवेगळ्या चौकटींत असतील, आणि खोलीतले चौघे एकमेकांकडे पाहून हसत असतील, तर तुम्हाला उत्तर मिळाले. प्रत्येक जण आपल्या चौकटीत असेल आणि आधी लिहून ठेवलेल्या टिपणावर चर्चा चालली असेल, तर ती कंपनी खरोखर घरून चालते.

तुमचे काम असे दूरून होण्याजोगे आहे का, याबद्दल मला फार शंका नाही, पण 'टेस्टर' या एका शब्दात दोन-तीन वेगळी कामे दडलेली असतात. वेब किंवा मोबाइल ॲपच्या स्वयंचलित चाचण्या लिहिणे आणि त्या रोज रात्री चालवणे हे काम कुठूनही होते, कारण त्याचा निकाल पडद्यावरच दिसतो आणि तुम्ही किती वाजता बसला होता याच्याशी त्याचे काही देणेघेणे नसते. पुण्यातच गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी करणारे असंख्य टेस्टर आहेत. त्यांचे बाक, तारा आणि नियंत्रक प्रयोगशाळेत असतात आणि त्यांना कुडाळला जाता येत नाही. बँकेच्या क्लायंटसाठी बंद ओडीसीमध्ये, म्हणजे त्या क्लायंटपुरत्या राखलेल्या कक्षात, मोबाइल दाराबाहेर ठेवून काम करणाऱ्यांनाही ते जमत नाही, कारण तिथे अडथळा कामाचा नसून कराराचा असतो. आणखी एक गट आहे ज्याला जमते पण महाग पडते: क्लायंटशी रोज बोलणारे बिझनेस ॲनालिस्ट, विक्रीआधीचे प्रात्यक्षिक देणारे आणि माणसे सांभाळणारे व्यवस्थापक. तुमचे मॅनेजर ज्या लीडच्या पदाबद्दल बोलत आहेत ते या तिसऱ्या गटात मोडते. तिथे कामाचा अर्धा वेळ सहा-आठ माणसांच्या अडचणी, अंदाजपत्रके आणि क्लायंटची नाराजी यांत जातो. ते पद तुम्हाला मनापासून हवे आहे, की केवळ पुढची पायरी म्हणून समोर दिसते आहे, हे तुम्हीच ठरवायचे. हवे असेल, तर पुण्यात राहणे हाच त्याचा जवळचा रस्ता आहे. चाचणीची यंत्रणा उभारणारी, प्रकाशनाच्या गुणवत्तेवर शब्द चालणारी तज्ज्ञ व्हायचे असेल, तर बर्लिनची छोटी कंपनी तुम्हाला पुण्यापेक्षा लवकर तिथे नेऊ शकते, कारण एवढ्या छोट्या कंपनीत असे काम करणारे तुमच्याशिवाय बहुधा कोणी नसेल.

त्यातच धोकाही आहे, आणि तो बढतीपेक्षा सूक्ष्म आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलाइस या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की सहकारी एकाच इमारतीत बसत असताना कोडवर मिळणारे अभिप्राय लक्षणीय प्रमाणात जास्त होते. त्याचा सर्वाधिक फायदा कमी अनुभवाच्या लोकांना आणि स्त्रियांना होत होता; शिकवण्यात वेळ गेल्यामुळे वरिष्ठांचे स्वतःचे कोड मात्र कमी होत होते. तुम्हाला सहा वर्षांचा अनुभव आहे, म्हणजे तुम्ही अगदी शिकाऊ नाही, पण शिकणे संपले असेही नाही. दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलीने हेच पत्र लिहिले असते, तर मी तिला निःशंकपणे पुण्यात थांबायला सांगितले असते.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहा. रात्रीच्या चाचण्यांत लॉगिनची एक चाचणी कधी पास होते, कधी नापास. पुण्यात तुम्ही डेव्हलपरच्या खुर्चीपाशी जाता. तो म्हणतो, "अरे, ती सेवा सुरू व्हायला कधी कधी जास्त वेळ घेते," आणि पाच मिनिटांत कारण कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तशीच गोम आणखी कुठे असेल हेही तुमच्या लक्षात येते. कुडाळहून हाच प्रश्न पाठवायचा तर तो असा पाठवावा लागतो: कोणत्या बिल्डवर, कोणत्या वातावरणात, गेल्या दहा वेळांत किती वेळा नापास झाली, नापास होताना पडद्यावर काय होते, ट्रेस फाइल सोबत जोडली आहे, आणि माझा अंदाज असा आहे. एवढे लिहिलेत तर तासाभरात नेमके उत्तर येते. 'लॉगिनची टेस्ट फेल होते आहे, बघता का?' एवढेच लिहिलेत, तर समोरून 'कोणत्या बिल्डवर?' असा प्रतिप्रश्न येतो आणि दिवस संपतो. अशा प्रकारे लिहिता येणे हेच दूरस्थ कामातले खरे कौशल्य आहे. ते तुम्हाला किती जमते हे आजच्याच नोकरीत, घरून काम करायच्या दोन दिवसांत, तपासता येईल. महिनाभर खुर्चीपाशी जाणे बंद करून सगळे लिहून विचारा. किती प्रश्न एका फेरीत सुटतात ते पाहा, म्हणजे तुमचे तुम्हालाच कळेल.

वेळेच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. बर्लिन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच. सकाळी अकरा ते रात्री आठ असा दिवस ठेवलात तर त्यांच्या कामाच्या बऱ्याच वेळेत तुम्ही जागेवर असाल, आणि बाबांना सकाळी दवाखान्यात नेण्याइतका वेळही हाती राहील. हेच काम न्यूयॉर्कचे असते तर अंतर साडेनऊ ते साडेदहा तासांचे असते आणि तेव्हा तुम्हाला कुडाळमध्ये राहूनही रात्रपाळी करावी लागली असती.

आता पैसे. महिना दोन लाख म्हणजे वर्षाला २४ लाख, आणि ते १५ लाखांशी थेट ताडून पाहणे चुकीचे ठरेल, कारण तुमच्या १५ लाखांत कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा आणि मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल पगार सामावलेला आहे. मूळ वेतन महिना ५०,००० धरले तर पूर्ण व्हेरिएबल मिळूनही, कर आणि स्वतःचा पीएफ कापून, वर्षाला साधारण सव्वाबारा लाख हातात येत असतील, आणि पीएफ खात्यात दोन्ही बाजू मिळून १,४४,००० साठत असतील. कंत्राटावर हे सगळे तुम्हालाच करायचे आहे. त्या २४ लाखांतून बँकेचे आणि चलन बदलाचे शुल्क सुमारे ४०,०००, चार्टर्ड अकाउंटंट आणि जीएसटीची विवरणपत्रे यांसाठी ४०,०००, स्वतःचा आणि आईवडिलांचा आरोग्य विमा ८०,०००, लॅपटॉप, इंटरनेट आणि इन्व्हर्टरसाठी ६०,०००, पीएफइतकी बचत १,४४,००० असे बाजूला काढा. त्याशिवाय दर वर्षी दीड महिना काम नसेल असे धरून तीन लाख राखीव ठेवा, कारण कंत्राट बहुधा महिनाभराच्या सूचनेवर संपते आणि नवे मिळायला वेळ लागतो. तरीही, कर लागला नाही तर, सव्वासतरा लाखांच्या आसपास उरतात, आणि पुण्याचे घरभाडे वाचते ते वेगळे. पैशाच्या बाजूने उत्तर होकाराचे आहे, पण ते २४ विरुद्ध १५ असे नसून साडेसतराच्या आतले विरुद्ध सव्वाबारा असे आहे.

कराच्या बाबतीत तुम्हाला कोणीतरी सांगेल की व्यावसायिकांसाठीच्या गृहीत उत्पन्नाच्या तरतुदीनुसार (जुन्या कायद्यातले कलम ४४एडीए) निम्मीच रक्कम उत्पन्न धरली जाते, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो. हिशेब बरोबर आहे, पण ही तरतूद कायद्यात नमूद केलेल्या व्यवसायांनाच लागू होते. त्यामुळे तुमचे काम 'तांत्रिक सल्ला' या प्रकारात बसते की नाही, याचे उत्तर चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखी घ्या आणि करारातही कामाचे वर्णन त्याप्रमाणे लिहून घ्या. वर्षाची जमा २० लाखांच्या वर जात असल्याने जीएसटी नोंदणी लागेल. सेवा परदेशात निर्यात होत असल्याने, एलयूटी हे हमीपत्र दाखल केले की जीएसटी भरावा लागत नाही, मात्र विवरणपत्रे वेळेवर द्यावीच लागतात. बँकेकडून प्रत्येक रकमेची परकीय आवक पावती मागून ठेवा, कारण पुढे निर्यात सिद्ध करायला तीच उपयोगी पडते. एक गोष्ट मात्र आताच ध्यानात घ्या: येत्या दोन वर्षांत घरकर्ज काढायचे मनात असेल, तर ते पगारदार असतानाच मंजूर करून घ्या. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात.

बर्लिनवाल्यांना हेही विचारा की भारतातल्या एखाद्या ईओआर कंपनीमार्फत ते तुम्हाला नोकरीवर घेतील का. त्या पद्धतीत कागदोपत्री तुम्ही भारतीय कंपनीच्या कर्मचारी होता, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पगाराच्या पावत्या मिळतात, आणि काम मात्र बर्लिनचेच करता. ईओआर कंपनी त्यासाठी शुल्क घेते, म्हणून रक्कम थोडी कमी सांगितली जाईल. दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर तुमच्या परिस्थितीत मी ते स्वीकारेन.

कुडाळबद्दल बोलायचे तर पावसाळ्याचा विचार आधी करा. जुलैमध्ये महावितरणची लाइन तुटून चार-सहा तास वीज नसणे ही कोकणात नवलाई नाही, आणि मोबाइल टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते, म्हणून 'फोनचे हॉटस्पॉट आहेच' हा भरवसा पुरेसा नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी घ्या, आणि त्या दोन्ही केबल एकाच खांबावरून येत नाहीत ना हे स्वतः बाहेर जाऊन पाहा. एकाच खांबावरून येत असतील तर झाड पडल्यावर दोन्ही एकदम जातील. राउटरला वेगळा छोटा यूपीएस असू द्या. राजीनामा देण्याआधी पावसाळ्यात दोन आठवडे आईवडिलांकडे राहून, आजच्याच नोकरीचे काम तिथून करून पाहा. तुमच्या कंपनीची परवानगी त्यासाठी लागेल, पण अडचण खरी सांगितली तर अशी परवानगी सहसा मिळते.

आता माझे मत. बर्लिनच्या कंपनीतले निदान निम्मे लोक ऑफिसबाहेर असतील आणि निर्णय लेखी होत असतील, तर काम घ्या, पण दोन वर्षांच्या दृष्टीने घ्या. कंत्राटात दर आपोआप वाढत नाही, म्हणून दर बारा महिन्यांनी दराचा फेरविचार होईल असे कलम करारात घाला. प्रत्येक वर्षाच्या शेवटी, पुढच्या मुलाखतीत दाखवता येईल असे एक नवे काम हातात आहे का ते पाहा: सॉफ्टवेअरच्या कामगिरीची चाचणी असेल, चाचण्यांची संपूर्ण पाइपलाइन असेल, नाहीतर प्रकाशनाचा निर्णय तुमच्या नावावर असेल. दोन वर्षांनंतरही तुम्ही तेच स्क्रिप्ट लिहीत असाल, तर मॅनेजरांचा इशारा खरा ठरला असे समजून तेव्हा पुण्याच्या मुलाखती सुरू करा. आठ वर्षांचा अनुभव आणि परदेशी कंपनीचे काम हातात असताना ते अवघड जात नाही. बर्लिनमध्ये तुम्ही एकट्याच बाहेरच्या असाल, तर मात्र नकार द्या आणि घरून चालणारी दुसरी कंपनी शोधा. कुडाळ कुठे जात नाही, आणि अशा कामाला मागणी आहे.

सोडायचे ठरलेच, तर पाच वर्षे पूर्ण झाल्याने ग्रॅच्युइटीवर तुमचा हक्क आहे. ५०,००० मूळ वेतनावर सहा वर्षांची ती १,७३,००० च्या आसपास होते आणि ती मागावी लागत असेल तर लेखी मागा. पीएफ काढू नका. तुमची नोटीस बहुधा ९० दिवसांची असेल आणि छोट्या परदेशी कंपनीला तीन महिने थांबणे कठीण जाते, म्हणून रुजू होण्याची तारीख करारात लिहिलेली असल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय पुण्यात राजीनाम्याचा मेल पाठवू नका.